पदवीची अट निघाल्यावर अर्ज कसा वाचायचा?

नोकरीच्या जाहिरातीतून पदवीची अट काढून टाकल्याची घोषणा करणे सोपे आहे, आणि गेल्या काही वर्षांत ती अनेकांनी केली आहे. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने मार्च २०२२ मध्ये हजारो सरकारी पदांवरील चार वर्षांच्या पदवीची अट काढली, जानेवारी २०२३ मध्ये पेन्सिल्व्हेनियाने तेच केले आणि अनेक बड्या खासगी कंपन्यांनीही आपण आता कौशल्य पाहून माणसे घेणार असल्याचे जाहीर केले. या घोषणांनंतर प्रत्यक्षात काय घडले, याचा हिशेब हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये मांडला. मोठ्या कंपन्यांतील सुमारे ११,३०० पदे त्यांनी तपासली. अट काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर त्याच पदावर कोण भरले गेले, हे पाहिल्यावर पदवी नसलेल्यांचे प्रमाण सरासरीने अवघे साडेतीन टक्के-बिंदूंनी वाढल्याचे दिसले. एकूण भरतीच्या मानाने पाहिले, तर सातशे नेमणुकांमागे एकीलाही या बदलाचा लाभ झालेला नव्हता. सुमारे ४५ टक्के कंपन्यांत तर जाहिरात बदलली, पण माणसे पूर्वीसारखीच घेतली गेली.

हा निष्कर्ष वाचून कोणी म्हणेल की कंपन्यांनी ढोंग केले. काहींनी केलेही असेल. पण कारखान्यांतील भरतीचे काम जवळून पाहिलेल्या कोणालाही दुसरी शंका आधी येईल. जाहिरातीतील एक ओळ पुसली गेली, पण ती ओळ जे काम करीत होती ते काम दुसऱ्या कशावर तरी सोपवणे राहून गेले. अशा वेळी अर्ज वाचणारा माणूस गोंधळतो आणि त्याच्या हाताशी जे असेल त्याचा आधार घेतो. पदवीची अट काढण्याचा निर्णय मला योग्यच वाटतो. मात्र तिच्या जागी अर्ज वाचण्याचे नवे, लेखी आणि गुण देता येतील असे निकष बसवले नाहीत, तर जुनीच चाळणी नाव न घेता परत येते, आणि ती पूर्वीपेक्षा अधिक अन्यायकारक असते, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

आधी ही अट करते काय, ते पाहू. पदवीमुळे चांगला माणूस मिळतो, हे तिचे अधिकृत कारण. प्रत्यक्षात ती गठ्ठा कमी करण्यासाठी असते. एका पदासाठी दोनशे अर्ज आले आणि एचआर विभागातील एका कनिष्ठ अधिकाऱ्याला संध्याकाळपर्यंत पंधरा नावे द्यायची असली, की 'बी.ई. मेकॅनिकल, फर्स्ट क्लास' हा निकष दहा मिनिटांत काम उरकतो. दुसरे काम तेवढेच महत्त्वाचे, पण ते बोलले जात नाही. निवड फसली तर ही अट ढाल म्हणून वापरता येते. "साहेब, फर्स्ट क्लास होता, नामांकित कॉलेजचा होता" असे म्हटले की दोष निवडणाऱ्यावर येत नाही. डिप्लोमावाला किंवा आयटीआयवाला घेतला आणि तो कच्चा निघाला, तर मात्र पहिला प्रश्न "याला घेतला कोणी?" हाच असतो. पुण्यातील आयटी कंपन्यांच्या कॅम्पस भरतीत दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी साठ टक्के, मध्ये गॅप नको, एकही बॅकलॉग शिल्लक नको, अशी जी अट वर्षानुवर्षे चालत आली आहे, तिच्यामागेही हेच गणित आहे. दहावीला अठ्ठावन्न टक्के मिळालेला मुलगा प्रोग्रॅमिंगमध्ये कच्चाच असणार, असे ती अट लिहिणाऱ्यालाही वाटत नसते.

ही अट कामापासून किती सुटलेली असू शकते, याचे एक उदाहरण हार्वर्डच्याच २०१७ च्या एका अहवालात आहे. उत्पादन विभागातील सुपरवायझर या पदाच्या २०१५ मधील अमेरिकी जाहिरातींपैकी ६७ टक्के जाहिराती पदवी मागत होत्या, पण त्या पदावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांपैकी केवळ १६ टक्के लोक पदवीधर होते. म्हणजे जे काम पदवी नसलेली माणसे त्या घडीला करीत होती, त्याच कामासाठी त्यांच्यासारख्या नव्या माणसाला दार बंद होते.

ही विसंगती न्यायालयासमोर फार पूर्वीच आली होती. नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक पॉवर कंपनीच्या वीजकेंद्रात कृष्णवर्णीय कामगार फक्त मजुरी विभागात घेतले जात, आणि त्या विभागातील सर्वाधिक पगारही इतर विभागांतील सर्वात कमी पगारापेक्षा कमी असे. भेदभावविरोधी कायदा लागू झाल्यावर उघड बंदी ठेवता येईना. मग इतर विभागांत जाण्यासाठी हायस्कूल उत्तीर्ण असणे आणि दोन लेखी चाचण्या यांचा आधार घेतला गेला. ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या १९७१ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत एकमताने बेकायदा ठरवली. त्या निकालातील मला सर्वात उपयोगी वाटणारा भाग तत्त्वाचा नसून पुराव्याचा आहे. शिक्षणाची अट लागू होण्यापूर्वी भरती झालेले, हायस्कूल पूर्ण न केलेले गोरे कामगार त्याच विभागांत समाधानकारक काम करीत होते आणि त्यांना बढत्याही मिळत होत्या. मग ही अट कामासाठी आवश्यक आहे असे कंपनी कशी म्हणणार? भारतात खासगी नोकरीबाबत असा कायदा नाही, हे खरे. पण न्यायालयाने विचारलेला हा प्रश्न कोणत्याही कंपनीला स्वतःला विचारता येतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. आपल्या शॉपफ्लोअरवर आज हे काम कोण करते आहे, त्यांतील चांगले कोण आणि त्यांचे शिक्षण काय, ही यादी अर्ध्या दिवसात तयार होते. अट काढावी की नाही याचे उत्तर बहुधा त्या यादीतच असते.

आता एक पद घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, चाकण परिसरातील एका मध्यम आकाराच्या मशिनिंग कारखान्याला क्वालिटी इन्स्पेक्टर हवा आहे. आजवर जाहिरातीत 'डिप्लोमा किंवा बी.ई. मेकॅनिकल' असे असे, आता ते काढले आहे. बाकी सारे तसेच ठेवले तर काय होईल? आयटीआय फिटर होऊन सहा वर्षे लाइनवर तपासणी केलेल्या माणसाचा रेझ्युमे येईल. त्यात 'हार्डवर्किंग, सिन्सियर, क्वालिटी इन्स्पेक्शनचा अनुभव' असे लिहिलेले असेल, कारण सायबर कॅफेवाल्याने तोच साचा त्याच्या आधीच्या दहा जणांना दिलेला असतो. दोन वर्षांचा अनुभव असलेल्या इंजिनिअरच्या रेझ्युमेत 'प्रक्रियेतील सातत्यपूर्ण सुधारणांची जबाबदारी सांभाळली' असे छान इंग्रजीत लिहिलेले असेल. दोन्हींत काम काय केले याचा पत्ता लागत नाही, पण दुसरा कागद नीट दिसतो. रेझ्युमे लिहिणे ही कॉलेजच्या प्लेसमेंट विभागात शिकवली जाणारी गोष्ट आहे. त्यामुळे पदवीचा रकाना झाकून रेझ्युमे वाचला तरी पदवी ओळीओळींतून दिसत राहते. कौशल्यावर भरती करायची म्हणजे रेझ्युमे अधिक बारकाईने वाचायचा, असा जो समज आहे, तो म्हणूनच मला चुकीचा वाटतो. उलट, रेझ्युमेवर टाकलेला भार कमी करावा लागतो.

त्यासाठी कामाची फोड करावी लागते, आणि ती एचआरच्या टेबलावर होत नाही. क्वालिटी हेड आणि लाइनवरचे दोन चांगले इन्स्पेक्टर यांना बसवून विचारावे लागते, की गेल्या वर्षी ग्राहकाकडून जो माल परत आला, तो कोणाच्या हातून आणि कसा सुटला. अशा चर्चेतून 'संवादकौशल्य' वगैरे शब्द निघत नाहीत. ड्रॉइंग वाचता येणे, टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक पाहून योग्य उपकरण निवडणे, मापात कल दिसला की पीस बाद होण्यापूर्वी मशीन थांबवायला सांगणे, आणि उत्पादन विभागाचा दबाव असताना संशयित माल बाजूला काढून ठेवणे, अशा चार गोष्टी निघतात. पहिल्या तीन तपासता येतात. चौथी मुलाखतीतच विचारावी लागते, तीही "तुम्ही प्रामाणिक आहात का?" अशी नव्हे, तर "शेवटचा लॉट तुम्ही कधी अडवला आणि पुढे काय झाले?" अशी.

मग अर्जाचा फॉर्म बदलतो. रेझ्युमे जोडायला हरकत नाही, पण त्यासोबत दोन प्रश्न असावेत आणि उत्तरे मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालतील असे स्पष्ट लिहिलेले असावे. पहिला प्रश्न: तुम्ही तपासलेल्या भागांपैकी सर्वात कमी टॉलरन्सचे माप कोणते होते, टॉलरन्स किती होता आणि ते कशाने मोजत होता? दुसरा: तुम्ही पकडलेला एक दोष सांगा, तो का येत होता आणि तुम्ही काय केले? उत्तरांना शून्य ते तीन गुण द्यायचे आणि कोणत्या उत्तराला किती हे आधीच लिहून ठेवायचे. नुसती विशेषणे असतील तर शून्य. उपकरणाचे नाव असेल पण भाग किंवा टॉलरन्स नसेल तर एक. भाग, टॉलरन्स आणि उपकरण यांचा मेळ बसत असेल तर दोन. त्यापुढे कारण आणि निर्णयही सांगता येत असेल तर तीन.

वरच्या दोन उमेदवारांची उत्तरे अशी आली असे धरू. इंजिनिअरने लिहिले: "सर्व मापे ड्रॉइंगप्रमाणे तपासून एकही सदोष पीस पुढे जाऊ दिला नाही." फिटरने लिहिले: "बेअरिंग सीट, टॉलरन्स १३ मायक्रॉन, डिजिटल मायक्रोमीटर. शिफ्ट सुरू होताना माप बरोबर यायचे, मग हळूहळू वाढायचे. इन्सर्ट झिजत होता. ऑपरेटर पन्नास पीसला एक मोजायचा, मी वीसला एक करायला लावले आणि ऑफसेट आधी देऊ लागलो." पहिल्याला शून्य, दुसऱ्याला तीन. बाहेरील व्यास टर्न करताना टूल झिजले की माप वाढत जाते, हे ज्याने लाइनवर पाहिले आहे तोच हे अशा क्रमाने लिहितो. अर्थात उलटेही घडेल. एखादा इंजिनिअर याहून नेमके लिहील आणि त्याला तीन मिळतील. पदवीधराला मागे टाकणे हा येथे हेतू नाही. पदवीचे गुण वेगळे मिळत नाहीत, इतकेच.

यावरचा हमखास आक्षेप म्हणजे उत्तरे कोणाकडूनही लिहून घेता येतात. येतात. म्हणून या फॉर्मचा उपयोग फक्त दोनशेतून वीस काढण्यापुरता करायचा आणि त्या वीस जणांना कामाचा नमुना करायला द्यायचा. चाचणी अर्ध्या तासाची पुरते. एक टर्न केलेला शाफ्ट, त्याचे ड्रॉइंग, आणि टेबलावर ०.०२ मिलिमीटर लीस्ट काउंटचा, म्हणजे कमीत कमी तेवढे माप दाखवणारा व्हर्निअर, ०.०१ चा साधा मायक्रोमीटर आणि ०.००१ चा डिजिटल मायक्रोमीटर. ड्रॉइंगवर माप आहे २५ एफ ७, म्हणजे २४.९५९ ते २४.९८० मिलिमीटर. टॉलरन्सची एकूण रुंदी २१ मायक्रॉन. शाफ्टचे खरे माप आहे २४.९८६. सवयीने व्हर्निअर उचलणाऱ्याला वाचन २४.९८ येते आणि तो पीस 'ओके' करून मोकळा होतो. उपकरणाचा लीस्ट काउंट टॉलरन्सच्या साधारण एक दशांश असावा, हा नियम ज्याच्या हातात बसलेला आहे तो डिजिटल मायक्रोमीटर उचलतो, त्याची मोजणारी तोंडे पुसून शून्य तपासतो आणि मगच मोजतो. नंतर एकच प्रश्न विचारायचा: "या पीसचे काय करायचे?" माप वरच्या मर्यादेच्या बाहेर आहे, म्हणजे अजून धातू काढता येतो, म्हणून पीस रीवर्कला जाईल, खालच्या मर्यादेच्या बाहेर असता तर स्क्रॅप झाला असता. 'रिजेक्ट' एवढेच म्हणणारा आणि हा फरक सांगणारा, या दोघांच्या गुणांत अंतर पडायला हवे. या अर्ध्या तासात जे दिसते ते मार्कशीटवर कुठेही छापलेले नसते.

याला वेळ लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही. दोनशे फॉर्मना प्रत्येकी दोन मिनिटे धरली तरी जवळपास पावणेसात तास होतात, आणि हे तास एचआरमधील नव्या मुलाचे नसून कामाची जाण असलेल्या माणसाचे असतात. नमुना चाचणीचा आणखी एक दिवस. जुन्या पद्धतीत हा खर्च दिसत नव्हता, कारण तो सहा महिन्यांनी लाइन रिजेक्शनच्या खात्यात पडत असे. मला वाटते, बऱ्याच कंपन्यांचे बदल घोषणेपाशीच थांबतात ते येथेच. तत्त्व सर्वांना पटलेले असते, पण क्वालिटी हेडचे दोन दिवस कोणी सोडायला तयार नसते.

आणि ते दिवस मिळाले नाहीत की जुनी चाळणी परत येते. जाहिरातीत पदवी नसते, पण भरती करणारा नोकरीच्या संकेतस्थळावर उमेदवार शोधतो तेव्हा शिक्षणाचा रकाना तिथेच असतो आणि सवयीने भरला जातो. त्यामुळे पदवी नसलेल्याचे नाव यादीत उमटतच नाही, नाकारले जाणे तर पुढची गोष्ट. कोणी 'मोठ्या कंपनीत काम केलेला' हा निकष लावतो, आणि ती मोठी कंपनी स्वतः पदवी पाहून घेत असल्याने गाडे फिरून तिथेच येते. कोणी प्रमाणपत्रे मोजू लागतो. पुण्यात गल्लोगल्ली चालणाऱ्या क्लासेसना याहून चांगली बातमी नाही, कारण आठवड्याच्या कोर्सचे रंगीत प्रमाणपत्र ही नवी पदवी होते आणि तिची फी उमेदवाराच्या खिशातून जाते. कोणी 'किमान पाच वर्षे अनुभव' असे लिहितो. वर्षे मोजणे पदवीपेक्षा कामाच्या जवळचे वाटते, पण एकच वर्ष पाच वेळा जगलेली माणसे प्रत्येक कारखान्यात असतात. भरतीच्या साधनांवर अमेरिकेत झालेल्या संशोधनातही अनुभवाच्या वर्षांचा आणि पुढील कामगिरीचा संबंध दुबळाच आढळतो.

या संशोधनाबद्दल थोडे सावधपणे बोलायला हवे. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या प्रसिद्ध संकलनात शिक्षणाच्या वर्षांचा कामगिरीशी सहसंबंध ०.१० आणि कामाच्या नमुन्याचा ०.५४ असा दिला आहे, आणि कौशल्याधारित भरतीचे समर्थक हे आकडे अजूनही जोरात फिरवतात. पण २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्यामागील सांख्यिकी दुरुस्त्या तपासल्या आणि बहुतेक साधनांचे आकडे खाली आणले. कामाचा नमुना ०.३३ वर आला, तर ठरावीक प्रश्न आणि ठरावीक गुण असलेली मुलाखत ०.४२ वर राहून सर्वात पुढे गेली. त्यामुळे अर्ध्या तासाची चाचणी घेतली म्हणजे माणूस कळला, असे नाही. चाचणी आणि आखीव मुलाखत ही दोन्ही साधने अपुरी आहेत. पण ती कामाकडे पाहतात, आणि चुकली तर कुठे चुकली हे शोधता येते. साठ टक्क्यांच्या अटीने किती चांगली माणसे गमावली, हे कोणालाच कधी कळत नाही, कारण ती आलेलीच नसतात.

पदवीच्या बाजूने मला खरोखर वजनदार वाटणारा युक्तिवाद गुणवत्तेचा नाही, तो वशिल्याचा आहे. आपल्याकडे ओळख, गाव, आडनाव आणि जात यांच्या आधारे माणसे लावण्याची परंपरा जुनी आहे. अशा समाजात परीक्षेचे गुण आणि विद्यापीठाची पदवी ही निदान एक अशी गोष्ट आहे, जी समोरच्याच्या मर्जीवर अवलंबून नाही. घरात पहिल्यांदा शिकलेल्या मुलाने कर्ज काढून पदवी मिळवली आणि तो दारात आला, तेव्हा 'आता आम्ही पदवी पाहत नाही, माणूस पाहतो' असे म्हणणे हा त्याला नियम बदलून बाहेर ठेवण्याचाच प्रकार वाटू शकतो. ही भीती मी निराधार मानत नाही. 'माणूस पाहतो' या वाक्याआड भाषेचा लहेजा, कपडे आणि 'आपल्यासारखा वाटतो' हे सारे लपते.

पण खासगी क्षेत्रात पदवी ही ढाल म्हणून किती टिकते, हेही पाहायला हवे. सुखदेव थोरात आणि पॉल अट्टेवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक होता तो नावांत. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढील टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी आढळली. हातात तीच पदवी असूनही गळती अर्ज वाचण्याच्या टप्प्यावरच झाली. तेव्हा वशिल्याविरुद्धचे खरे संरक्षण पदवीत नाही, ते निकष आधी लिहून ठेवण्यात आणि त्यानुसारच गुण देण्यात आहे. वरच्या उदाहरणात फॉर्मवरील नाव झाकून दोन जणांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि ज्या अर्जांत दोघांच्या गुणांत दोनचा फरक पडतो तेवढेच पुन्हा वाचावेत. असे वारंवार घडत असेल तर निकषाचे शब्द सैल आहेत असे समजावे आणि ते दुरुस्त करावेत. शिवाय प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवावी: अर्जदारांत पदवी नसलेले किती, पहिल्या यादीत किती, चाचणीत किती उत्तीर्ण, नेमले किती. चाचणीपर्यंत प्रमाण टिकते आणि अंतिम मुलाखतीत एकदम कोसळते असे दिसले, तर दोष उमेदवारांत शोधण्यापूर्वी मुलाखत घेणाऱ्यांकडे पाहावे. चाचणीबाबत एक पथ्यही पाळायला हवे. आठ-आठ तासांच्या 'असाइनमेंट' घरी करायला देणे हे शिफ्टमध्ये राबणाऱ्या किंवा घर सांभाळणाऱ्या उमेदवाराला बाहेर काढण्याचे नवे साधन आहे, आणि कधीकधी फुकटात काम करून घेण्याचेही.

पदवी किंवा परवाना आवश्यकच असतो अशी कामे अर्थातच आहेत. डॉक्टर, वकील, बॉयलर अटेंडंट, विद्युत पर्यवेक्षक यांच्याबाबत कायदा स्पष्ट आहे आणि तो असावा. आयटी सेवा कंपन्यांची अडचण थोडी वेगळी. ज्या कर्मचाऱ्याला पुढे एच-१बी व्हिसावर अमेरिकेत पाठवायचे, त्याच्याकडे पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते, आणि तिथल्या नियमात शिक्षणाच्या एका वर्षाची भरपाई तीन वर्षांच्या अनुभवाने होते. म्हणून बारावीनंतर घेतलेल्या मुलाला नोकरीसोबत पदवी पूर्ण करण्याची सोय देणे हा त्या कंपन्यांसाठी व्यवहाराचा भाग ठरतो. मात्र या खऱ्या मर्यादांचे नाव पुढे करून, कधीही परदेशी न जाणाऱ्या टेस्टिंगच्या किंवा सपोर्टच्या जागांवरही तीच अट लावली जाते, हे कोणत्याही जाहिरातींच्या पानावर दिसेल.

राहिला प्रश्न नेमणूकपत्राचा, आणि भरतीचे नियम बदलणारे बहुतेक जण तो विसरतात. कारखान्यांत पगाराचे ग्रेड शिक्षणावर बांधलेले असतात: ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणजे जीईटी, डिप्लोमा इंजिनिअर ट्रेनी म्हणजे डीईटी, आणि आयटीआयवाला त्याखाली, पुष्कळदा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर. निवडीत तीन गुण मिळवून आलेला फिटर क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून रुजू होतो आणि शेजारच्या टेबलावरील डीईटीपेक्षा कमी पगारात तेच काम करू लागतो. इन्क्रिमेंटच्या वेळी "तुझे ग्रेडच ते आहे" हे उत्तर त्याला मिळते. दोन वर्षांत तो सोडून जातो आणि व्यवस्थापनाला 'ही माणसे टिकत नाहीत' असा निष्कर्ष काढायला आयते कारण मिळते. जाहिरातीतील अट काढताना ग्रेडच्या तक्त्यातील शिक्षणाचा रकाना तसाच ठेवणाऱ्या कंपनीने कौशल्यावर भरती केली असे म्हणता येणार नाही. तिने तेच कौशल्य कमी दरात मिळवले, इतकेच म्हणता येईल.